तीन फासे, सहा घरं आणि दाजींचे सहाशे वीस रुपये

चैत्रात सोलापूरच्या आसपास गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि प्रत्येक जत्रेत, कुस्त्यांच्या फडापासून जरा लांब, पाळण्यांच्या मागं, गुडगुडीचा एक तरी पट मांडलेला असतो. काही ठिकाणी याला झंडीमुंडी म्हणतात. माझ्या बहिणीच्या गावच्या जत्रेत आमच्या दाजींचे सहाशे वीस रुपये या पटावर गेले. पैसे गेले याचं आश्चर्य नाही, जुगारात जातातच. पण त्या पटावर कसलीही हातचलाखी नव्हती, फासे सरळ होते, डबा हलवायची गिऱ्हाइकालाही मुभा होती, आणि तरीही मालकाचा फायदा पक्का होता. तो कसा, हे माझ्या भाचीनं, आठवीतल्या अपूर्वानं, तिथंच उभं राहून शोधलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पट रेक्झिनचा, त्यावर सहा घरं: झेंडा, मुंडी, बदाम, इस्पिक, चौकट, किलवर. फासे तीन, लाकडाचे, लिंबाएवढे, प्रत्येकाच्या सहा बाजूंवर हीच सहा चित्रं. आपण एखाद्या घरावर पैसे ठेवायचे, मालक डबा खुळखुळवून पालथा मारतो आणि उचलतो. मालकाची हाळी अशी: "तीन फासे, सहा घरं! अर्धा चानस तुमचा, अर्धा माझा! एक आला तर दुप्पट, दोन आले तर तिप्पट, तीन आले तर चौपट!"

म्हणजे दहा रुपये झेंड्यावर ठेवले आणि एका फाशावर झेंडा आला तर तुमचे दहा आणि वर दहा, असे वीस हातात. दोन झेंडे आले तर तीस, तीन आले तर चाळीस. एकही नाही आला तर दहा गेले. ऐकताना वाटतं, निम्म्या वेळा आपण जिंकणार आणि दोन-तीन झेंड्यांचं वरचं बक्षीस वेगळंच. दाजींना तसंच वाटलं. त्यांनी वीसनं सुरुवात केली आणि हरले की दुप्पट लावायचं ठरवलं, कारण कधीतरी येणारच ना. वीस, चाळीस, ऐंशी, एकशे साठ, तीनशे वीस. पाचही डाव झेंडा फिरकला नाही. बेरीज करा, सहाशे वीस. यंत्रमागावरची एका दिवसाची मजुरी, पाच मिनिटांत.

दाजी चिडले. "फाशात शिसं भरलंय, मामा. बघून घ्या तुम्ही." आपल्याकडं हरलेल्या माणसाचा पहिला संशय फाशावरच जातो. मालक बिलकूल तापला नाही. "बघा की ओ, पाण्यात टाका नायतर दुधात टाका." शेजारच्या रसाच्या गाड्यावर बादली होती. लाकडाचा फासा पाण्यात तरंगतो. आत एका बाजूला वजन भरलं असेल तर ती बाजू खाली जाते आणि दर वेळी तेच चित्र वर येतं. अपूर्वानं एकेक फासा बुडवून, गोल फिरवून सोडला. कधी बदाम वर, कधी मुंडी, कधी चौकट. फासे स्वच्छ होते. मालक हसून म्हणाला, "डबा पण तूच हलव, बाई." धंदा करणारा माणूस इतका निवांत असतो तेव्हा खरं तर तिथूनच निघावं, पण आमचं पोरगं हटेना.

ती म्हणाली, "मामा, दहाची सहा नाणी द्या. सगळ्या घरांवर एकेक ठेवते. काहीही आलं तरी आपण जिंकणार आणि काहीही आलं तरी आपण हरणार. अर्धा-अर्धा चानस असंल तर साठ टाकून साठच परत यायला पाहिजेत." आजूबाजूचे हसले. सगळ्या घरांवर लावणारा खुळाच, असं पटाभोवतीचं मत.

पहिला डाव: झेंडा, बदाम, किलवर. तीन वेगळी चित्रं. तिन्ही घरांचे वीस-वीस मिळाले, उरलेल्या तीन घरांचे तीस मालकानं ओढले. हातात साठ. बरोबरी. तिनं सहाही घरं परत भरली.

पुढच्या डावाला दोन मुंड्या आणि एक इस्पिक. गर्दीत एकदम ओरडा झाला, कारण मुंडीवर लावलेल्या एका पोराला तिप्पट मिळाले. मालकानंही जोरात आवाज दिला, "तिप्पट! तिप्पट गेले बघा!" अपूर्वाच्या हातात काय आलं? मुंडीचे तीस, इस्पिकचे वीस. पन्नास. ती नाण्यांकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. "मामा, सगळ्या घरांवर आपलेच पैसे होते. मग दहा गेले कुणाकडं?"

गुडगुडीचं सगळं बिंग या एका प्रश्नात आहे. सगळे ओरडतात तो जोडीचा डाव, आणि मालक कमावतो तोही जोडीचाच डाव. फासे तीन वेगळे पडले तर तो फक्त पैसे इकडचे तिकडं करतो, त्याला काही सुटत नाही. दोन सारखे पडले की साठातले दहा त्याचे. तिन्ही सारखे पडले तर चाळीस देऊन तो वीस ठेवतो, आणि नेमक्या त्याच डावाला लोक जत्रा संपेपर्यंत गावभर सांगत फिरतात की बघा, चौपट दिले.

आता असे डाव किती वेळा येतात? तीन फासे पडण्याचे एकूण प्रकार 6 × 6 × 6, म्हणजे 216. तिन्ही वेगळी येण्याचे 6 × 5 × 4, म्हणजे 120. उरले 96: त्यात 90 जोडीचे, 6 तिन्ही सारखे येण्याचे. म्हणजे शंभरातले जवळजवळ 44 डाव मालकाच्या कमाईचे. सहाही घरांवर दहा-दहा असतील तर 216 डावांत पटावर 12,960 रुपये फिरतात आणि त्यातले 900 अधिक 120, म्हणजे 1,020 त्याच्याकडं राहतात. शंभराला साधारण आठ रुपये. त्याला ना शिसं लागतं, ना हातचलाखी.

"पण मी सगळ्या घरांवर कुठं लावलं होतं? मी एकट्या झेंड्यावर लावलं," असं दाजी नंतर भाकरी खाताना म्हणाले. एकट्या झेंड्याचा हिशोबही तोच येतो. त्या 216 प्रकारांत 125 वेळा झेंडा अजिबात नसतो, 75 वेळा एक, 15 वेळा दोन, आणि एकदा तीन. दर वेळी दहा लावले तर 1,250 जातात. येतात 750, 300 आणि 30, म्हणजे 1,080. तूट 170, लावलेल्या 2,160 वर पुन्हा शंभराला आठच. "अर्धा चानस" ही हाळी इथं खोटी पडते: तीन भागिले सहा असं गणित तो आपल्याकडून करून घेतो, पण एकाच डावात दोन झेंडे आले तर त्यातला एक आपला आधीच जिंकलेला डाव परत जिंकतो. प्रत्यक्षात निदान एक झेंडा येणं 216 पैकी 91 वेळा होतं, शंभरात 42. दाजींसारखे सलग पाच डाव कोरडे जाणं म्हणजे काही देवाचा कोप नाही. शंभरातल्या सहा-सात जणांवर ते येतंच. आणि दुप्पट करत गेलं की नेमक्या त्या सहा-सात जणांचा खिसा पूर्ण रिकामा होतो.

अपूर्वानं मालकालाच विचारलं, "काका, दोन आल्यावर तीसऐवजी चाळीस आणि तीन आल्यावर साठ द्याल का?" करून बघा: जोडी आली तर चाळीस अधिक वीस, साठ. तिन्ही आले तर साठ. मग प्रत्येक डावाला साठाचे साठ परत आणि खेळ खरंच बरोबरीचा. मालकानं तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "असं दिलं तर मी काय खाऊ? पाळणे फुकट फिरतात का?" मग हळूच मला, "पोरीला घेऊन जावा साहेब, फड सुरू झालाय." म्हणजे हिशोब त्यालाही पाठ होता.

निघता निघता आणखी एक दिसलं. "बदाम मोकळा हाय, बदामावर कोण?" असं तो सारखा ओरडत होता. मला वाटायचं ही नुसती गिऱ्हाईक ओढायची हाक. पण सगळे जण एकट्या झेंड्यावर तुटून पडले आणि तीन झेंडे आले, तर त्याला गल्ला उपसावा लागतो. घरं सारखी भरलेली असली की फासे कसेही पडोत, त्याच्या खिशातून काही जात नाही. दर डावाला पटावर तीनशे रुपये आणि तासाला चाळीस डाव धरले तरी बारा हजार फिरतात, त्यातले साडेनऊशेच्या आसपास त्याचे. त्याला घाई नसते. आपल्यालाच असते.

पैसे परत मिळतील का, हे दाजींनी विचारलंच. नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करारच रद्दबातल धरला जातो, त्यामुळं हरलेले किंवा जिंकलेले पैसे कोर्टात मागता येत नाहीत. उलट सार्वजनिक जागी असा पट चालवणं आणि त्यावर खेळणं, दोन्ही महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, 1887 च्या कलम 12 खाली येतं. छापा पडला तर फाशांबरोबर भोवतीचे लोकही गाडीत जातात. यात्रा कमिटीच्या माणसाला आम्ही सांगितलं, त्यानं "बघतो" म्हटलं, आणि पट रात्रीपर्यंत तिथंच होता.

अपूर्वाची रीत मात्र दुसऱ्या पटांनाही लागू पडते, आणि एक रुपयाही न लावता. पुढं सोरटचा तक्ता होता: बारा चित्रं, एक निघणार, निघालं तर दहापट. तिनं लांबूनच मनात बाराही चित्रांवर दहा-दहा ठेवले. टाकले एकशेवीस, परत शंभर. "इथं तर जोडी यायचीपण वाट बघावी लागत नाही, मामा. दर डावाला वीस." दाजी शेजारी उभे होते, हात खिशात. बहिणीनं त्यांचं पाकीट काढून घेतलं आणि चिरमुरे घ्यायला पाठवलं.