एकाच दिवशी घेतलेले दोन स्विमसूट, सात महिन्यांनंतर

मी एकाच दिवशी दोन अगदी सारखे स्विमसूट घेतले होते. माप तेच, रंग तोच, आतल्या पट्टीवर लिहिलेलंही तेच: ८० टक्के नायलॉन, २० टक्के इलास्टेन. एक वापरायला काढला, दुसरा कपाटात ठेवला. पहिला तीन महिन्यांत गेला. दुसरा सात महिने वापरतेय आणि अजून अंगाला धरून बसतो. पोहणं दोन्हींत सारखंच होतं, आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पाऊण तास, क्लोरीनच्या तलावात. बदललं ते फक्त पाण्याबाहेर आल्यानंतरचं वागणं.

पहिल्याचं मी काय करायचे? पोहून झालं की ओल्या टॉवेलात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचे. दोन-तीन तासांनी घरी आले की आठवेल तेव्हा पाण्यातून काढायचे, घट्ट पिळायचे आणि कडक उन्हात दोरीवर टाकायचे. तिसऱ्या महिन्यात मागच्या बाजूला झोळ पडला. कापड कुठेही फाटलेलं नव्हतं, शिवणी शाबूत होत्या, रंगही फार उडाला नव्हता. तो झोळलेला स्विमसूट मी कपाटातल्या कोऱ्यावर जसाच्या तसा पसरून ठेवला, तेव्हा खांद्यापासून खालच्या शिवणीपर्यंत तो तब्बल चार सेंटिमीटर लांब भरला. मागचा भाग दिव्यासमोर धरून ताणला तर विणीच्या फटींतून उजेड दिसत होता आणि तिथे केसाहून बारीक, पांढरट, आखूड टोकं वर आली होती. ती तुटलेल्या इलास्टेनची टोकं.

कापड न फाटता असं सैल का पडतं, हे कळल्यावरच माझ्या सवयी बदलल्या. लायक्रा, स्पॅन्डेक्स आणि इलास्टेन ही एकाच धाग्याची नावं, आणि तो धागा म्हणजे एक प्रकारचं पॉलियुरेथेन. त्याच्या लांब रेणूत मऊ भाग आणि कठीण भाग आलटून पालटून येतात. मऊ भाग गुंडाळीसारखे असतात, ओढले की उलगडतात. कठीण भाग एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून सोडल्यावर धागा मूळ लांबीवर परत येतो. तलावात टाकलेल्या क्लोरीनचं पाण्यात हायपोक्लोरस आम्ल होतं. जंतू मारायचं काम तेच करतं, आणि धाग्याच्या कठीण भागातल्या नायट्रोजनला जाऊन चिकटतंही तेच. क्लोरीन चिकटलेली ती जागा कच्ची होते आणि साखळी तिथे तुटते. मऊ भागही सुटत नाहीत, त्यांचं हळूहळू ऑक्सिडीकरण होतं. नायलॉन मात्र या माऱ्यात जास्त टिकतो. म्हणून कापड वरून धडधाकट दिसतं, पण ताणल्यावर परत ओढून घेणारं आत कुणी उरलेलं नसतं.

दोन गोष्टी हा मारा वाढवतात, वेळ आणि उष्णता. पिशवीतल्या ओल्या गाठोड्यात क्लोरीन जिरत जातो खरा, पण तो त्या कापडावरच खर्च होत असतो. वर ऊन लागलं की उष्णता आणि अतिनील किरणं पॉलियुरेथेनला वेगळीच इजा करतात. ‘उन्हात क्लोरीन उडून जातो’ असं मलाही सांगितलं गेलं होतं. उडतो हे बरोबर आहे, पण सोबत धाग्याचंही नुकसान होतं. साध्या पाण्याने तेच काम कापडाला न दुखवता होतं.

दुसऱ्या स्विमसूटसाठी माझा क्रम असा ठरला. तलावात उतरण्याआधी शॉवरखाली तो पूर्ण भिजवते. आधीच साधं पाणी प्यालेलं कापड सुरुवातीला तलावाचं पाणी कमी ओढतं. याचा फायदा थोडाच, कारण पाऊण तासात आतलं पाणी बदलतंच. खरी कमाई बाहेर आल्यावर आहे. अंगावर असतानाच शॉवरखाली दोन मिनिटं, मग काढून थंड पाण्यात दोनदा खळबळते. घरी आल्यावर दहा मिनिटं स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवते, कारण काही क्लोरीन धाग्याला चिकटलेला असतो आणि वरवरच्या विसळण्याने तो निघत नाही. वाळलेल्या स्विमसूटलाही तलावाचा वास येत असेल तर समजायचं की विसळणं कमी पडलं. आठवड्यातून एकदा सौम्य साबणाचे दोन थेंब, तेही हाताने, कारण सनस्क्रीन आणि अंगावरचं तेल धाग्यात शिरून त्याला फुगवतं. कपडे मऊ करणारं द्रावण आणि ब्लीच अजिबात नाही.

पिळणं पूर्ण बंद केलं. पीळ दिला की काही धागे फार ताणले जातात, आणि क्लोरीनने आधीच कच्चे झालेले पहिले तुटतात. आता कोरड्या टॉवेलवर पसरते, दोन्ही मिळून गुंडाळी करते आणि तळव्याने दाबते. मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी, आडवा पसरते. खांद्याच्या पट्ट्यांनी टांगला तर पाण्याच्या वजनाने त्या पट्ट्याच लांबतात. सावलीत वाळायला वेळ जास्त लागतो, म्हणून ज्याला रोज पोहायचंय त्याने दोन आलटून पालटून वापरावेत.

मध्ये चार दिवस समुद्रात पोहणं झालं. तिथे गोष्ट वेगळी आहे. मीठ क्लोरीनसारखं रेणू तोडत नाही, त्याचा त्रास वाळताना सुरू होतो. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी हा स्विमसूट तोलला: कोरडा १४० ग्रॅम, भिजवून निथळल्यावर २९०. म्हणजे दीडशे ग्रॅम पाणी कापडात राहतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तेव्हा न विसळता वाळवला तर पाच ग्रॅम, जवळजवळ एक चमचा मीठ विणीत बसतं. कापड कडक होतं, आणि अंगात चढवताना ताणलं की ते खडे धाग्यांवर घासतात. त्यातून मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे कापड धड वाळतही नाही. पहिल्या दिवशी पाणी न बदलता एकदाच बुडवून काढला होता, दुसऱ्या दिवशी मांडीच्या कडांना पांढऱ्या रेषा उमटल्या. तेव्हापासून वाळू झाडून तीनदा पाणी बदलते.

या सगळ्याला मर्यादा आहे, आणि ती सांगायलाच हवी. पाण्यात असताना जे नुकसान होतं ते कुठल्याही विसळण्याने भरून येत नाही. थांबतं ते फक्त पुढचं. शिवाय मी विसळणं, पिळणं आणि ऊन एकदमच बदललं, त्यामुळे कशाने किती फरक पडला ते वेगळं काढता येणार नाही. सात महिन्यांत, साधारण ८५ वेळा पोहून, दुसराही पावणेदोन सेंटिमीटर लांबला आहे आणि मांडीच्या कडेचा पट्टा थोडा सैल झालाय. दिव्यासमोर मात्र वीण अजून भरलेली दिसते.

तलावासाठी पुढचा मी पीबीटी नावाच्या पॉलिएस्टरचा, इलास्टेन नसलेला घेणार आहे. क्लोरीन पकडतो तो नायट्रोजनच त्याच्या रेणूत नाही. अंगात घालायला तो जरा ताठ लागतो, ताणही कमी देतो. हा मऊ स्विमसूट मग समुद्रासाठी राहील.