लाइट मीटर घ्यावा, झेब्रावर भागवावं, की फॉल्स कलरचा मॉनिटर बघावा?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात शॉर्टफिल्म आणि लग्नाचं काम करणारी बरीच पोरं आता सोनीच्या एस-लॉग३ या फिकट, सपाट प्रोफाइलवर शूट करायला लागलीत, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच की पैसे घालायचे तर कशात घालू. तिघांपैकी चांगलं कोणतं असं विचारून उत्तर मिळत नाही कारण तिन्ही वेगवेगळी गोष्ट मोजतात. मीटर चेहऱ्यावर पडणारा उजेड मोजतो, त्याला कॅमेऱ्याशी देणंघेणं नाही. झेब्रा सिग्नलमधली एकच पातळी दाखवतो, तिथं पोचलं की पट्टे, नाही पोचलं की काही नाही. फॉल्स कलर सगळ्या फ्रेमची पातळी रंगात दाखवतो, पण मॉनिटरला जो सिग्नल मिळतोय त्याचीच.

आता एक सीन घेऊया. खानापूरकडचं कौलारू घर, सोप्यात आजोबा बसलेत, उन्हातान्हात शेती केलेला सावळा चेहरा, डोक्यावर पांढरी टोपी, मागं दारातनं अंगण आणि चुना मारलेली भिंत दिसतेय. पावसाळा, आभाळ भरलेलं. कॅमेरा आयएसओ ८००, २५ फ्रेम, शटर १/५०.

मीटर आजोबांच्या हनुवटीखाली धरायचा, पांढरा गोल घुमट कॅमेऱ्याकडं करून. समजा २.८ आला. मग तसाच अंगणात जाऊन भिंतीपाशी घुमट कॅमेऱ्याकडं करून बघायचं, २२ आला. २.८ ते २२ म्हणजे सहा स्टॉप. आणि चुन्याची भिंत मधल्या करड्यापेक्षा, म्हणजे १८ टक्क्यांच्या ग्रे कार्डापेक्षा, अजून दोन सव्वादोन स्टॉप उजळ असतेय, म्हणजे चेहऱ्यासाठी २.८ ठेवला तर भिंत आठ स्टॉप वर जाणार. एफएक्स३ सारखा कॅमेरा बेस आयएसओवर मधल्या करड्याच्या वर साधारण सहा स्टॉप धरतो, त्यामुळं भिंत गेलीच. हे कॅमेरा बॅगेतनं काढायच्या आधी कळलं, मीटरची खरी किंमत इथं आहे. आता पांढऱ्या कापडातनं एक एलईडी आजोबांच्या बाजूनं मारायचा आणि चेहऱ्यावर मीटर ५.६ दाखवेपर्यंत तो पुढं-मागं करायचा. फरक चार स्टॉपवर आला, भिंत सहाच्या किंचित वर, म्हणजे अगदी काठावर. लेन्स ५.६ वर.

काठावर आहे का पलीकडं गेलीय हे मात्र मीटर सांगत नाही, तिथं झेब्रा लागतो. सोनीत Zebra Level मध्ये Lower Limit घेऊन ९४ ठेवा, कारण एस-लॉग३ मध्ये सहा स्टॉप वरची पातळी साधारण ९४ आयआरईला, म्हणजे सिग्नलच्या ९४ टक्क्यांना येते. भिंतीवर पट्टे आले तर एलईडी थोडा जवळ आणून लेन्स तेवढीच बंद करा, किंवा भिंत सीनमध्ये महत्त्वाची नसेल तर जाऊ द्या. पण टोपीवर पट्टे आले तर थांबायचंच, कारण टोपीची घडी एकदा गेली की ग्रेडिंगमध्ये परत येत नाही.

झेब्र्याचा सगळ्यात मोठा घोळ चेहऱ्यावर होतोय. चेहऱ्यावर ७० चा झेब्रा ठेवा हा सल्ला सगळीकडं मिळतो, पण तो जुन्या रेक ७०९ चा, म्हणजे साध्या टीव्ही चित्राचा आहे आणि तोही गोऱ्या कातडीसाठी. एस-लॉग३ मध्ये मधला करडा ४१ आयआरईला आणि पांढरा कागद ६१ ला बसतो, प्रत्येक स्टॉप साधारण साडेआठ आयआरईचा. म्हणजे ७० ही पातळी करड्याच्या वर जवळजवळ साडेतीन स्टॉप झाली! आपल्या आजोबांचा चेहरा तर करड्याच्याही एखादा स्टॉप खाली, बरोबर एक्स्पोजरला तो ३२ च्या आसपास बसायला पाहिजे. त्याला ओढून ७० वर नेला तर जवळजवळ साडेचार स्टॉप ओव्हर होतोय, आणि टोपी आधीच करड्याच्या सव्वादोन स्टॉप वर असल्यामुळं ती सहाच्या पार जाते. लग्नातही असंच, हळदीतली गोरी नवरी आणि शेजारी सावळे मामा एकाच ७० वर बसवायला गेलं की दोन शॉटचा उजेड वेगवेगळा दिसतो, चेहरे मात्र सारखे, आणि मामा मामा वाटत नाहीत. सावळा माणूस पडद्यावर सावळाच दिसला पाहिजे, यावर मी अजिबात तडजोड करणार नाही. म्हणून झेब्रा फक्त वरचं टोक बघायला वापरा.

फॉल्स कलर चेहऱ्याच्या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे, पण तिथंही रंगाच्या नावावर जायचं नाही. अॅरी किंवा ब्लॅकमॅजिकच्या पद्धतीत हिरवा म्हणजे मधला करडा आणि गुलाबी म्हणजे त्याच्या एक स्टॉप वर. गुलाबी म्हणजे चेहरा बरोबर असं पुष्कळ जण शिकवतात, पण ते परत गोऱ्या चेहऱ्याचंच. गव्हाळ चेहरा हिरव्याच्या आसपास आला तरी बरोबर असू शकतो आणि आजोबांचा त्याच्या खाली. त्यात प्रत्येक कंपनीच्या मॉनिटरचे रंग वेगळे, म्हणून आधी आपल्या मॉनिटरची रंगपट्टी बघून घ्या.

दुसरी गोष्ट लटची, म्हणजे लॉगचं सपाट चित्र नेहमीसारखं करून दाखवणाऱ्या रंगतक्त्याची. काही मॉनिटर लट लावल्यानंतरचं चित्र मोजतात, काही त्याच्या आधीचं, आणि कॅमेऱ्यातनंच लट लावलेलं चित्र बाहेर येत असलं तर मॉनिटरला खरा लॉग दिसतच नाही. हे ओळखायला १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड आजोबांच्या चेहऱ्यापाशी त्याच उजेडात धरायचं. मीटर ५.६, लेन्स ५.६, मग कार्ड मधल्या करड्याच्या रंगात आलंच पाहिजे. नाही आलं तर शोधायचं: लट चालू आहे का, मीटरमध्ये आयएसओ वेगळा राहिला का, एनडी फिल्टर लावून हिशोबात धरायचा राहिला का, किंवा लेन्समधनं प्रत्यक्षात येणारा उजेड, म्हणजे टी-स्टॉप, एफ-स्टॉपच्या हिशोबापेक्षा कमी पडतोय का, स्वस्तातल्या झूम लेन्समध्ये हे बऱ्याचदा असतंय. लट बंद करूनही फरक अर्धा स्टॉप वगैरे कायम तेवढाच येत असला तर मीटरमध्ये तेवढं करेक्शन टाकून ठेवा. हे एकदा केलं की तिन्ही एकमेकांशी बोलायला लागतात.

मग घ्यायचं काय? लग्न, मिरवणूक, गणपती, जिथं उजेड तुमच्या हातात नाही आणि माणूस थांबत नाही, तिथं मीटर घेऊन फिरण्यात अर्थ नाही, ९४ चा झेब्रा आणि खिशात ग्रे कार्ड पुरे. एकच कॅमेरा, थोडे लाइट, शॉर्टफिल्म, मुलाखती असं असेल तर आधी फॉल्स कलरचा मॉनिटर घ्या, एका नजरेत चेहरा, टोपी, भिंत आणि कोपऱ्यातला अंधार सगळं कळतं. मीटर तेव्हा घ्या जेव्हा तुम्ही स्वतः लाइटिंग करता, दोन कॅमेरे लावता, किंवा एकच सीन दोन दिवसांत तोडून करायचा असतो. जांबोटीकडं पावसाळ्यात सकाळी सोप्यात २.८ येणारा उजेड दुपारी ढग दाटले की २ वर येतो, आणि क्लोजअपला कालचाच ५.६ आणि अंगणाशी कालचाच चार स्टॉपचा फरक परत जमवायचा असेल तर वहीत लिहिलेला मीटरचा आकडाच उपयोगाला येतो. मीटर नवाच पाहिजे असं नाही, जुना चालतो, फक्त घुमट पिवळा पडलेला नाही ना बघा आणि विकणाऱ्यासमोरच दुसऱ्या मीटरशी एकाच उजेडात ताडून घ्या.