संस्थेच्या व्हीपीएनचा ताबा घेताना: जुनं ओपनव्हीपीएन ठेवायचं की वायरगार्ड बसवायचं?

सदाशिव पेठेतली एखादी छोटी संस्था धरून चालू. ऑफिसच्या कोपऱ्यात एक छोटा कॉम्प्युटर आहे, त्यावर टॅली आणि लाभार्थ्यांच्या फायली. वेल्हे, मुळशी भागात काम करणारे बाराजण व्हीपीएनमधून तिथे पोहोचतात. हे सगळं उभारणारा स्वयंसेवक नोकरीसाठी बंगळुरूला चाललाय आणि मे 2026मध्ये ताबा तुमच्याकडे येतोय. आज चालतंय ते ओपनव्हीपीएन. तेच पुढे चालवावं की वायरगार्ड बसवावं, याचा निर्णय वेगावरून करू नका. बारा जणांच्या कामाला दोन्ही पुरतात. जुन्या माणसाकडून नेमकं काय हातात येतं, त्यावर तो ठरतो.

ओपनव्हीपीएन: तारखा सांभाळायच्या

इथे प्रत्येक माणसाला एक सर्टिफिकेट असतं आणि ती सगळी एका मूळ चावीने सही केलेली असतात. ती चावी म्हणजे सर्टिफिकेटं बनवणाऱ्या इझी-आरएसए या साधनाच्या फोल्डरमधली `ca.key`. फाइल मिळाली पण तिचा पासफ्रेज मिळाला नाही, तर चालू असलेलं मुदती संपेपर्यंत चालत राहतं. मात्र नवा माणूस जोडता येत नाही आणि गेलेल्याचं सर्टिफिकेट रद्दही करता येत नाही. म्हणून पासफ्रेज कागदावर घेऊन थांबू नका. जुना स्वयंसेवक समोर असतानाच एक चाचणी सर्टिफिकेट तयार करा आणि लगेच रद्द करून पाहा. ही दहा मिनिटं नंतरचे दोन आठवडे वाचवतात.

मग तारखा बघा. फाइलींची जागा तुमच्या सर्व्हरवर थोडी वेगळी असू शकते.

```
openssl x509 -enddate -noout -in /etc/openvpn/server/server.crt
openssl crl -nextupdate -noout -in /etc/openvpn/server/crl.pem
```

पहिली सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत. इझी-आरएसए 3 ती न बदलल्यास 825 दिवस धरतं, म्हणजे 10 जून 2024ला केलेलं सर्टिफिकेट 13 सप्टेंबर 2026च्या आसपास संपेल. दुसरी जास्त फसवी. रद्द केलेल्या सर्टिफिकेटांच्या यादीलाच स्वतःची मुदत असते, सहसा 180 दिवस. आमच्या उदाहरणात यादी 2 जानेवारीला केलेली, म्हणजे 1 जुलैला संपणार. ताबा घेतल्यावर जेमतेम दोन महिन्यांत. त्या दिवशी कोणाचंही सर्टिफिकेट रद्द झालेलं नसताना नव्याने जोडणारे सगळे बाहेर पडतात. मोबाइलवर फक्त जोडणी होत नाही एवढंच दिसतं, म्हणून लोक ब्रॉडबँडवाल्याला फोन करत बसतात. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं: `CRL has expired`. उपाय `./easyrsa gen-crl` चालवून नवी `crl.pem` जुन्या जागी ठेवणं. सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागत नाही, पण ओपनव्हीपीएन ज्या युजरखाली चालतं (बहुधा `nobody`) त्याला ती फाइल वाचता आली पाहिजे. कॉपी करताना परवानगी चुकली की पुन्हा सगळे बाहेर.

वायरगार्ड: तारखा नाहीत, पण नावंही नाहीत

वायरगार्डमध्ये मुदत नावाचा प्रकारच नाही. सर्व्हरची एक चावी आणि `/etc/wireguard/wg0.conf`मध्ये प्रत्येक उपकरणाची सार्वजनिक चावी, एवढाच संसार. शिकायला सोपं, आणि ताबा देताना नेमकं इथेच पाणी मुरतं. बारा चाव्या म्हणजे अक्षरांच्या बारा निरर्थक ओळी; कोणती कोणाची हे वायरगार्डला माहीत नसतं. शहाणी माणसं प्रत्येक चावीवर `#` टाकून नाव लिहितात. पण फाइलमध्ये `SaveConfig = true` असेल, तर वायरगार्ड बंद होताना फाइल नव्याने लिहिली जाते आणि ही नावं पुसली जातात. मधल्या काळात हाताने केलेले बदलही जातात. ती ओळ आधी काढा, आणि नावांचा तक्ता वेगळा ठेवा.

वापरात नसलेल्या चाव्या शोधायला हे पुरतं:

```
wg show wg0 latest-handshakes
```

शून्य दिसलं म्हणजे वायरगार्ड शेवटचं सुरू झाल्यापासून ते उपकरण आलेलं नाही. काल रात्री वीज गेली असेल तर जवळजवळ सगळीकडे शून्य दिसेल. दोन-तीन आठवडे सलग चालू द्या, मग छाटणी करा.

एक मर्यादा मात्र पक्की आहे. वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालतं. तुमचा कोणी कार्यकर्ता एखाद्या कॉलेजच्या वायफायवरून काम करत असेल आणि तिथे यूडीपी अडवलं असेल, तर ओपनव्हीपीएन टीसीपी 443वर बसवून वाट काढता येते. वायरगार्डला स्वतःहून ती सोय नाही.

जाणाऱ्याचा प्रवेश बंद करणं

खरा फरक इथे आहे. वायरगार्डमध्ये जुन्या स्वयंसेवकाची चावी फाइलमधून काढून वायरगार्ड पुन्हा सुरू केलं की त्याच क्षणी ती बंद. ओपनव्हीपीएनमध्ये सर्टिफिकेट रद्द केलं तरी आधीपासून जोडलेला माणूस पुढच्या तपासणीपर्यंत, म्हणजे साधारण तासभर, आत राहू शकतो. तेही एक वेळ चालेल. पण `ca.key` आणि पासफ्रेज त्याच्या घरच्या लॅपटॉपवर असतील, तर तो हवं तेव्हा स्वतःला नवं सर्टिफिकेट देऊ शकतो आणि तुमची रद्द यादी त्याला अडवत नाही. संशयाचा प्रश्न नाही. लॅपटॉप चोरीला जाऊ शकतो. उपाय एकच, नवी मूळ चावी आणि बाराही जणांना नव्या फायली.

वायरगार्डमध्ये याच्या उलट गंमत आहे. नुसत्या सर्व्हरच्या चावीने कोणी आत शिरू शकत नाही. पण सोयीसाठी बाराही जणांच्या खासगी चाव्या सर्व्हरवरच तयार करून वॉट्सॅपवर पाठवलेल्या असतील (बहुतेक ठिकाणी हेच होतं), तर त्या पाठवणाऱ्याकडे राहतात आणि त्यातल्या कोणाच्याही नावाने आत जाता येतं. म्हणून चावी प्रत्येकाच्या फोनवरच्या ॲपमध्ये तयार करून घ्या आणि फक्त सार्वजनिक चावी मागवा. फोन आणि लॅपटॉपला एकच चावी देऊ नका. दोन्ही एकाच वेळी चालू असले की एकाचं चालतं तेव्हा दुसऱ्याचं अडकतं.

काहीही निवडलंत तरी

राउटरचा पासवर्ड, स्टॅटिक आयपीचं भाडं कोणाच्या नावावर आहे, आणि डोमेनचं खातं कोणाच्या ईमेलवर, हे तीन विचारा. डोमेन वैयक्तिक ईमेलवर असेल तर आधी ते संस्थेच्या ईमेलवर आणा. बाकी सगळं नंतर दुरुस्त होतं, हे होत नाही. आणि गुरुवारी महावितरणची वीज जाऊन परत आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो का, ते प्लग काढून-लावून स्वतः बघा. बायोसमधली सेटिंग तपासावी लागते, आणि सोबत वायरगार्डसाठी `systemctl is-enabled wg-quick@wg0`, ओपनव्हीपीएनसाठी `systemctl is-enabled openvpn-server@server`.

मग काय घ्यावं?

पासफ्रेज चाचणीत चालला, मूळ चावीच्या प्रती कुठे आहेत हे कळलं आणि कोणाला टीसीपीची गरज आहे, तर ओपनव्हीपीएन ठेवा. कॅलेंडरवर 15 जून आणि 1 सप्टेंबर टाका. पासफ्रेज हरवला असेल किंवा प्रती कुठे आहेत कोणालाच माहीत नसेल, तर बारा जणांना नव्या फायली तशाही द्याव्याच लागणार. मग त्या वायरगार्डच्या द्या.

दोन्ही एकाच मशीनवर शेजारी-शेजारी चालतात: ओपनव्हीपीएन 1194वर `10.8.0.0/24`मध्ये, वायरगार्ड 51820वर `10.9.0.0/24`मध्ये. राउटरवर दुसरा पोर्ट उघडा, आणि टॅलीच्या मशीनवरच्या फायरवॉलला नवी रेंज सांगा. जोडणी होते पण टॅली उघडत नाही, ती तक्रार बहुतेकदा याचमुळे. आठवड्याला तीन-चार जण हलवा. बाराही जणांचा हँडशेक दिसला की राउटरवरचा 1194 बंद करा. पासफ्रेज नसेल तर यादी नवी करता येणार नाही, तेव्हा हे काम 1 जुलैच्या आत संपलं पाहिजे.