बिलं दुकानातल्या कम्प्युटरवर की क्लाउडवर?

काका, नौपाड्यातल्या दुकानात आज बिलं गल्ल्याशेजारच्या कम्प्युटरमध्येच साठतात. नेट गेलं तरी गिऱ्हाईक अडत नाही. पण हार्ड डिस्क बसली, तर तुमचा बॅकअप खणातल्या पेन ड्राइव्हवर, तोही दिवाळीचा!

क्लाउडवर बिलं कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. कम्प्युटर बिघडला तर दुसऱ्यावर लॉगिन करायचं आणि काम सुरू. खरी मेख आहे नेट गेल्यावर. काही सॉफ्टवेअरमध्ये ऑफलाइन बिल होतं, पण नंबरांचा घोळ होऊ शकतो. समजा शेवटचं बिल 412. नेट गेलं आणि दोन्ही काउंटरांनी आपापलं 413 फाडलं. जीएसटीत एका आर्थिक वर्षात तोच नंबर दोनदा चालत नाही. म्हणून काउंटरांना वेगळ्या मालिका हव्यात: एकाला `A-413`, दुसऱ्याला `B-207`.

दुसरी गोष्ट, वर्षाचे पैसे थकले की लॉगिन बंद पडू शकतं. हिशेब मात्र वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. त्यामुळे दर महिन्याला सगळी बिलं एक्सेलमध्ये उतरवून घरच्या कम्प्युटरवर ठेवायची. ही सोय नसेल तर ते सॉफ्टवेअर घेऊच नका.

माझं मत क्लाउडकडे झुकतं. पण डेमोला माणूस आला की आधी राउटर बंद करा आणि दोन्ही काउंटरवर एकेक बिल फाडायला सांगा.