उथळ-रुंद कट की खोल-अरुंद? धातू काढण्याचा दर सारखा असला तरी निवड का बदलते

जिनिंगचा हंगाम तोंडावर आला की वणी, हिंगणघाटच्या पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीची कामं एकदम येऊन पडतात. त्यातलंच नेहमीचं एक काम घेऊ. माइल्ड स्टीलचा ३०० मिमी लांबीचा ब्लॉक आहे आणि त्याच्या एका कडेला २० मिमी रुंद, २० मिमी खोल पायरी काढायची आहे. मशीन जुनी व्हर्टिकल मिलिंग, कटर २० मिमी व्यासाचा, चार दातांचा एचएसएस एंडमिल. पायरी एका कटात निघणार नाही, पाच कट लागतील. हे पाच कट वरून खाली थर काढत द्यायचे, की बाजूने आत सरकत?

आधी हिशोब. मिनिटाला किती धातू निघतो ते कटाची खोली, कटाची रुंदी आणि टेबल फीड यांच्या गुणाकारातून कळतं. तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये असली की उत्तर घन मिलिमीटरमध्ये येतं, म्हणून १००० ने भागून घन सेंटीमीटर करायचे.

```
MRR = ap × ae × vf ÷ 1000
```

यात MRR म्हणजे धातू काढण्याचा दर, ap म्हणजे खोली, ae म्हणजे रुंदी आणि vf म्हणजे टेबल एका मिनिटात किती मिलिमीटर सरकतं ते. या स्टीलला एचएसएसचा कटिंग स्पीड २५ मीटर प्रति मिनिट धरला तर २० मिमीच्या कटरला सुमारे ४०० आरपीएम येतात. दर दाताला ०.०८ मिमी फीड दिलं तर ०.०८ × ४ × ४०० = १२८. मशीनवर जवळची पायरी १२५ ची मिळते, ती धरू.

| | उथळ-रुंद | खोल-अरुंद |
|---|---|---|
| खोली | ४ मिमी | २० मिमी |
| रुंदी | २० मिमी | ४ मिमी |
| टेबल फीड | १२५ मिमी/मिनिट | १२५ मिमी/मिनिट |
| दर | १० घन सेंमी/मिनिट | १० घन सेंमी/मिनिट |

दोन्हीकडे दर तोच. पायरीचा एकूण धातू १२० घन सेंमी, म्हणजे निव्वळ कापण्याला १२ मिनिटं. एक जपा: खोल-अरुंदच्या रकान्यात रुंदी ४ लिहायची, कटरचा व्यास २० नाही. व्यास टाकला की दर थेट पाचपट दिसतो, आणि त्या भरवशावर गिऱ्हाइकाला वेळ सांगितली की अंगाशी येतं.

सूत्र इथे थांबतं, पण धातू कटरच्या कुठल्या भागाने आणि किती वेळ कापला गेला हे त्यात कुठेच येत नाही. खरा फरक तिथे आहे.

उथळ-रुंद कटात कटर पूर्ण रुंदीने घुसतो. प्रत्येक दात अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश, धातूत असतो. सगळं काम टोकाकडच्या ४ मिमी धारेवर पडतं. पाच कट झाले तरी झिजते तीच ४ मिमी धार, वरची धार कोरी राहते. दात बराच वेळ धातूत राहिल्याने गरमही जास्त होतो.

खोल-अरुंद कटात दात फक्त सुमारे ५३ अंश धातूत असतो, बाकी फेरा मोकळा. तेवढ्यात तो थंड होतो, चिपला बाहेर पडायला एक बाजू उघडी मिळते, आणि झीज २० मिमी धारेवर पसरते. कटर वारंवार धार लावायला शहरात पाठवावा लागत असेल तर एवढं कारण पुरेसं आहे.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. रुंदी व्यासाच्या निम्म्याहून कमी झाली की चिप पातळ पडते. व्यास २० आणि रुंदी ४ असताना ०.०८ फीड देऊनही चिपची सर्वांत जास्त जाडी साधारण ०.०६४ मिमीच भरते. चिप याहून फार पातळ झाली तर दात कापण्याऐवजी घासू लागतो. मशीन चिरचिर आवाज करतं, चिपऐवजी पिठासारखा भुगा पडतो. म्हणून या पद्धतीत दर दाताला ०.१ मिमी द्यायला हरकत नाही. मग टेबल फीड ०.१ × ४ × ४०० = १६० होतं आणि दर १२.८ घन सेंमी. कटर आत शिरायची आणि बाहेर पडायची जागा धरून प्रत्येक कटाला टेबल ३२० मिमी चालतं असं माना. १२५ फीडने पाच कटांना १२.८ मिनिटं, १६० ने १० मिनिटं. टेबल मागे आणायचा वेळ दोन्हीकडे सारखाच वाढेल. एका ब्लॉकमागे पावणेतीन मिनिटं वाचतात, आणि ब्लॉक वीस असले तर जवळजवळ तास वाचतो.

म्हणून उघड्या बाजूची पायरी असेल तर मी खोल-अरुंद घेतो. पण त्यासाठी तीन गोष्टी जागेवर हव्यात.

पहिली, कटरची कापणारी धार २० मिमीपेक्षा बरीच लांब हवी आणि कटर कोलेटबाहेर गरजेपुरताच निघालेला हवा. कटर वाकणं बाहेर आलेल्या लांबीच्या घनाने वाढतं: ४० मिमीऐवजी ५० मिमी बाहेर ठेवला तर त्याच जोराला वाकणं जवळजवळ दुप्पट. वाकल्याची खूण सोपी आहे. पायरीच्या भिंतीला गुण्या लावा, वर टेकला आणि खाली उजेड दिसला, किंवा याच्या उलट, तर भिंत सरळ नाही. यासाठी शेवटचे ०.३ ते ०.५ मिमी फिनिश कटाला राखून ठेवा.

दुसरी, कोलेटची पकड. उजव्या पिळाचा कटर कापताना स्वतःला खाली ओढतो, आणि धातूत शिरलेली धार जितकी लांब तितकी ही ओढ जास्त. कोलेट तेलकट किंवा झिजलेला असेल तर कटर हळूहळू उतरतो. पायरीचा तळ एका टोकाला २०, दुसऱ्या टोकाला २०.३ भरला तर आधी कोलेट तपासा, मग वाइस.

तिसरी, टेबलाच्या स्क्रूची ढिलाई. खोल-अरुंद कटात दात फीडच्या दिशेने ओढत असेल तर जुन्या मशीनचं टेबल ढिलाईइतकं अचानक पुढे उडी मारतं आणि दात तुटतो. अशा मशीनवर फीड दातांच्या ओढीच्या उलटच ठेवा. पूर्ण रुंदीच्या कटात अर्धा भाग एका दिशेने तर अर्धा दुसऱ्या दिशेने कापला जातो, त्यामुळे हा प्रश्न तिथे बराच सौम्य असतो.

या तिन्हीतलं एक जरी हातात नसेल तर उथळ-रुंदच बरा. २० मिमीच्या कटरने २० मिमीची खाच काढायची असेल तर निवडीचा प्रश्नच नाही, रुंदी पूर्णच राहणार. गॅसने कापलेल्या कडेच्या बाबतीत पद्धत कुठलीही असो, आधी ग्राइंडरने स्लॅग काढा. खोल कटात ती पूर्ण धारेला लागते.

विजेची चिंता इथे गौण आहे. माइल्ड स्टीलला १० घन सेंमी दराला कटरवर ०.४ किलोवॉटच्या आसपास लागतात आणि मशीनमधली घट धरून अर्ध्या किलोवॉटच्या थोडं वर. मात्र गावच्या फीडरवर व्होल्टेज १० टक्के पडलं की मोटरचा जास्तीत जास्त जोर १९ टक्क्यांनी कमी होतो. मोटर १ एचपीची असेल तर संध्याकाळी फीड एक पायरी खालीच ठेवा.

हिशोब बरोबर आहे का ते चिप तोलून पाहता येतं. पोलादाचा एक घन सेंमी ७.८५ ग्रॅमचा. १० च्या दराने दहा मिनिटं कापलं तर साधारण ७८५ ग्रॅम चिप जमली पाहिजे. कूलंट निथळू द्या आणि कट सुरू असतानाचाच वेळ मोजा. वजन बरंच कमी भरलं तर टेबलाची खरी चाल घड्याळ लावून मोजा: १०० मिमीला १२५ च्या फीडने ४८ सेकंद लागायला हवेत. फीड गिअरबॉक्सवरचा आकडा आणि टेबलाची चाल जुन्या मशीनवर जुळेलच असं नाही.