बीट उकडायचं कशात: कुकरमध्ये की पातेल्यात?

बीट सालासकट, अख्खं उकडायचं आणि साल नंतर काढायचं, इथपर्यंत बहुतेकांचं एकमत असतं. कच्चं सोललं तर हात आणि विळी रंगतात. शिवाय त्याचा लाल रंग पाण्यात सहज विरघळणारा असतो, त्यामुळे सोललेल्या बीटाचा रंग आणि गोडवा दोन्ही पाण्यात उतरतात. अडतं ते पुढे. कुकर लावायचा की झाकणाचं पातेलं ठेवायचं? मी बरीच वर्षं कुकर लावला आणि आता बहुतेक वेळा पातेलं ठेवतो. दोन्हींचं जमेल तसं मांडतो.

आधी वेळ, कारण कुकरची सगळी बाजू वेळेवरच उभी आहे. पातेल्यातलं पाणी कितीही उकळलं तरी शंभर अंशांच्या वर जात नाही. कुकर पूर्ण दाबावर असला की आत साधारण एकशे वीस अंश होतात आणि कंद निम्म्याहून कमी वेळात मऊ होतात. पाच सेंटिमीटर रुंदीच्या लहान बीटाला पातेल्यात, उकळी फुटल्यापासून, अर्धा तास लागतो. सात सेंटिमीटरच्या मध्यम बीटाला पाऊण तास ते पन्नास मिनिटं, आणि नऊ सेंटिमीटरच्या थोराड बीटाला सव्वा तास. कुकरमध्ये हीच बीटं दाब आल्यावर मंद आचेवर बारा, वीस आणि तीस मिनिटांत होतात. हे आकडे माझ्या चुलीवरचे आहेत. तुमच्याकडे पाच-सात मिनिटं इकडेतिकडे होतील, आणि बीट फार दिवस पडून सुकलेलं असेल तर जास्तच लागतील. कुकरवाल्यांना एक विनंती, शिट्ट्या मोजू नका. आच मोठी असली की शिट्ट्या भराभर होतात आणि आत बीट तेवढंच कच्चं राहतं. घड्याळ लावा.

वरच्या आकड्यांत एक गोष्ट दिसली असेल. नऊचं बीट पाचच्या दुपटीहूनही कमी रुंद आहे, पण वेळ अडीच पट लागला. उष्णता सालाकडून गाभ्याकडे हळूहळू सरकत जाते आणि अंतर वाढलं की तिला लागणारा वेळ त्याहून झपाट्याने वाढतो. म्हणूनच 'बीटाला किती वेळ' या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. आधी बीट केवढं आहे ते बघावं लागतं. डोळ्यांवर विश्वास नसेल तर दोरा गुंडाळून घेर मोजा आणि त्याला तीनने भागा, रुंदी जवळपास बरोबर येते.

मला कुकरपासून दूर नेलं ते याच गोष्टीने. एकाच मापाची पाच बीटं क्वचितच हाती येतात. एकदा माझ्याकडे दोन लहान, दोन मध्यम आणि एक चांगलं मोठं अशी पाच बीटं होती. मध्यमांचा हिशेब धरून कुकर वीस मिनिटं ठेवला. दाब यायला आठेक मिनिटं गेली होती, कुकर पडायला आणखी बारा. उघडून पाहिलं तर लहान दोन्ही फुटलेली, साल सुटून पाण्यात तरंगणारं, बोटाने दाबली की चिखल. मध्यम दोन्ही छान. मोठ्यात सुरी घातली तर दोन सेंटिमीटरपर्यंत लोण्यासारखी गेली आणि पुढे टक्कन अडकली. ते पुन्हा आत ठेवलं. परत दाब यायला पाच मिनिटं, मग दहा मिनिटं, परत कुकर पडायला बारा. बेरीज केली तर एक तास सात मिनिटं. पातेल्यात हेच काम पाणी उकळायच्या दहा मिनिटांसकट एक तास पंचवीस मिनिटांत झालं असतं. वाचली अठरा मिनिटं, आणि त्यात दोन बीटं वाया गेली.

कुकरबद्दल माझी खरी तक्रार म्हणजे आत काय चाललंय ते कळत नाही. झाकण लागलं की अंदाज संपला. घाईने शिट्टी उचलून वाफ सोडावी तर आणखी पंचाईत होते. दाब एकदम उतरला की बीटाच्या आतलं तापलेलं पाणी तिथल्या तिथे उकळतं आणि साल टरकतं. साल टरकलं की रंग बाहेर येतो. कुकर आपोआप पडू दिला तर साल शाबूत राहतं, पण त्या दहा-बारा मिनिटांतही आत शिजणं चालूच असतं. ती मिनिटं कुणी हिशेबात धरत नाही, मीही धरत नव्हतो.

पातेल्यात असं काही होत नाही. बीटं धुताना साल खरवडू नका. देठ दोन-तीन सेंटिमीटर राहू द्या आणि खालची शेपटी तोडू नका, कारण जिथे जखम तिथून रंग गळतो. पाणी बीटांच्या वर दोन बोटं असावं. एकदा उकळी आली की आच उतरवा, झाकण ठेवा, पाणी नुसतं हलत राहिलं तरी पुरे. पाणी आटलं तर गरमच घाला. अर्ध्या तासाने लहान बीटं झाऱ्याने काढून घ्या, मध्यम पन्नास मिनिटांनी आणि मोठं शेवटी. परवा पुन्हा अशीच लहानमोठी पाच बीटं होती. पहिली दोन बाहेर काढून सोलून होईपर्यंत पुढच्या दोघांची वेळ झाली, आणि सगळी एकाच मऊपणाची निघाली.

झालं की नाही हे बघायला पातळ सुरी गाभ्यापर्यंत घाला आणि बीट उचला. ते सुरीवरून आपोआप घसरून पडलं तर झालं. अडकून राहिलं तर दहा मिनिटं आणखी. सारखं टोचू नका, एकदाच आणि देठाजवळ टोचा. दुसरी खूण सालाचीच आहे. बीट काढून मिनिटभर गार पाण्यात धरा आणि अंगठ्याने साल बाजूला सारा. सालाखालचा थर मऊ झालेला असतो, त्यामुळे झालेल्या बीटाचं साल मोज्यासारखं सरकतं. सोलाणं लागलं तर समजा बीट थोडं कच्चं आहे, किंवा तुम्ही ते पार गार होऊ दिलंत. पूर्ण गार झालेल्या बीटाला साल पुन्हा चिकटल्यासारखं होतं. हाताला सोसेल इतकं कोमट असतानाच सोलायचं. साल सुटण्यात कुकर आणि पातेलं यांत मला फरक दिसला नाही, साल फुटलेलं नसेल तर.

रंग जपायला काहीजण पाण्यात लिंबू किंवा व्हिनेगर घालतात. थोडी आंबट चव रंगाला मानवते हे खरं, पण आंबटपणाने कंद मऊ व्हायला वेळ लागतो. म्हणून मी ते सोलून झाल्यावर वरून घालतो. लवकर शिजावं म्हणून सोडा मात्र अजिबात नको, रंग मळकट पिवळसर होतो.

कुकरची बाजू सांगायला हवी, ती खोटी नाही. बीटं सगळी एका मापाची असतील, किंवा एकच मोठं असेल, तर कुकर निर्विवाद लवकर काम करतो आणि इंधनही कमी लागतं. मोठं बीट अर्धं चिरून, तळाच्या पाण्यात न बुडवता चाळणीवर नुसत्या वाफेत ठेवलं तर रंगही फार जात नाही. रोज बीट उकडणाऱ्या माणसाला मी पातेल्याचा आग्रह करणार नाही. माझ्या घरी ते आठवड्यातून एकदा होतं, मला तास-सव्वा तास चालतो.

बाकी कंदांना एकच न्याय लावता येत नाही. बटाट्याला मी अजून कुकर लावतो. मध्यम बटाटा दाब आल्यावर दहा मिनिटांत होतो, आणि तो कुस्करायचाच असेल तर साल फुटल्याचं दुःख नाही. फोडी अख्ख्या हव्या असतील तर पातेलं घ्या, पण बटाटे गार पाण्यातच टाका. आधणात टाकले तर आत शिजेपर्यंत बाहेरचा थर गळून जातो. गार पाण्यापासून उकळी येऊन पुढे वीस-पंचवीस मिनिटं लागतात. रताळ्याला सावकाश तापणं मानवतं. त्यातला पिष्टमय भाग साठ ते पंचाहत्तर अंशांच्या दरम्यान साखरेत बदलत असतो. कुकर हा टप्पा झपकन ओलांडतो, म्हणून पातेल्यातलं रताळं मला नेहमी गोड लागलं आहे. गाजराला मात्र हा सालाचा खटाटोप नकोच. त्याचा रंग पाण्यात विरघळत नाही आणि साल बीटासारखं सरकतही नाही. आधीच खरवडून घ्या, अख्खं असेल तर पंधरा-वीस मिनिटं. सलगम आणि मुळा जास्त वेळ उकळले की उग्र वास सुटतो, तेव्हा त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं आणि म्हणून तिथेही माझं मत पातेल्याला.

अळकुड्यांना मात्र साल नंतर काढण्याचा नियम बीटाहूनही जास्त लागू होतो. कच्च्या सोलल्या तर त्यांतल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांनी हाताला खाज सुटते, आणि अर्धवट शिजल्या तर तीच खाज घशाला लागते. त्यांनाही लहानमोठ्याची तीच अडचण आहे. लहान अळकुडी पातेल्यात पंधरा मिनिटांत होते, जाडी पंचवीस घेते. कुकरमध्ये दोन्ही एकत्र टाकल्या तर लहान बुळबुळीत लगदा होऊन सालातून निसटते. पातेल्यात लहान आधी काढून घेतल्या की एका टोकाला दाबताच अख्खी अळकुडी सालाबाहेर येते.