तीस ग्राहक, तीन कल्पना: कार्डं कशी दाखवायची?

समजा, थालीपीठ भाजणीचा घरगुती ब्रँड आहे आणि पाकिटावर काय सांगायचं याच्या तीन कल्पना आहेत: ‘आजीच्या प्रमाणाची भाजणी’, ‘पंधरा मिनिटांत गरम नाश्ता’ आणि ‘मुलांच्या डब्यात धान्यं-डाळी’. एकेक कल्पना एकेका कार्डावर छापून कोणती चालेल ते तपासायचं आहे आणि हाताशी तीस ग्राहक आहेत. खर्च फक्त कार्डं छापण्याचा आणि भेट म्हणून द्यायच्या पाकिटांचा.

तिन्ही कार्डं एकदम समोर ठेवणं सर्वांत सोपं. पण मग माणूस गिऱ्हाईक राहत नाही, परीक्षक होतो आणि शब्दरचनेला गुण देऊ लागतो. दुकानात तुमची तीन पाकिटं त्याला शेजारी शेजारी कधीच दिसणार नसतात.

प्रत्येकाला एकच कार्ड दाखवलं तर उत्तर निखळ मिळतं, दुसऱ्या कल्पनेची सावली पडत नाही. मात्र एका कार्डाच्या वाट्याला दहाच माणसं येतात. एकाला सहा होकार, दुसऱ्याला चार, यावरून काहीच ठरत नाही. दीडशे-दोनशे माणसं मिळणार असतील तर मी हीच पद्धत घेईन.

तिसांसाठी मात्र मी एकामागून एक, क्रम बदलत दाखवण्याच्या बाजूने आहे. तीन कार्डांचे सहा क्रम होतात, प्रत्येक क्रमाला पाच माणसं. यात एक छुपा फायदा आहे: प्रत्येक कार्ड दहा जणांनी सर्वांत आधी पाहिलेलं असतं. ती दहा उत्तरं वेगळी काढली की एकेक कार्ड दाखवल्यासारखंच वाचन मिळतं. ते एकूण निकालाच्या अगदी उलट निघालं, तर आधी पाहिलेल्या कार्डाचा प्रभाव पुढच्यांवर पडतोय अशी शंका घ्यावी.

कार्डांचा आकार, अक्षर आणि किंमत सारखीच ठेवा, नाहीतर पसंती चित्राला मिळेल. ‘आवडलं का?’ विचारू नका. ओळखीचा माणूस भिडेखातर हो म्हणतो. ‘हे कुणासाठी आहे असं वाटलं? घ्यायला काय आड येईल?’ असं विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. शेवटी तीन लेबलांची पाकिटं ठेवून एक घरी न्यायला सांगा. आत भाजणी एकच आहे, हे निवड झाल्यावर सांगून टाका.

आता समजा 14, 9 आणि 7 अशी निवड झाली. चौदावाली जिंकली असं म्हणू नका. तिन्ही कल्पना सारख्याच चांगल्या असत्या तरी तीस माणसांत एवढा फरक सहज पडतो. आघाडीवरच्या कल्पनेला निदान सोळा-सतरा मिळाले, तरच तिला वजन द्यावं. पण डब्याच्या कार्डावर आठ-नऊ जण आपणहून ‘मुलांना तिखट लागेल’ म्हणाले असतील, तर ती आकड्यांपेक्षा भक्कम माहिती आहे. ते कार्ड बाजूला ठेवा आणि उरलेली दोन नव्या तीस जणांपुढे न्या. हे तीस मात्र जुने गिऱ्हाईक नकोत, दुकानात दुसऱ्याची भाजणी घेणारे हवेत.